ताशी शंभर किलो : तूर की डाळ?

यवतमाळकडच्या बचत गटांसाठी मिनी डाळमिलचं माहितीपत्रक मराठीत करत होतो. मुळातल्या एका ओळीचे दोन अनुवाद समोर होते.

पहिला : ‘तासाला शंभर किलो डाळ, तुमच्याच अंगणात!’
दुसरा : ‘क्षमता : ताशी कमाल १०० किलो तूर. मोटर ३ एचपी, थ्री फेज.’

पहिला कानाला गोड, पण त्यात दोन घोळ. ‘कमाल’ गळलं आणि तुरीची डाळ झाली. शंभर किलो तुरीतून डाळ निघते साधारण सत्तर-पंचाहत्तर किलो. बाकी चुनी, टरफल. गटातल्या ताई ‘शंभर’ धरूनच हप्त्याचा हिशेब मांडणार. शिवाय तूर नीट वाळलेली नसली की टरफल सुटत नाही, तीच दुसऱ्यांदा घालावी लागते आणि ताशी आकडा आणखी खाली येतो.

दुसरा अचूक, पण वीजबिलासारखा कोरडा. तरी ‘थ्री फेज’ त्यातच आहे, आणि अंगणात बहुधा सिंगल फेजच असतो.

मी आकडे दुसऱ्याचे ठेवले, बोली पहिल्याची : ‘तुमची तूर, तुमच्याच गावात डाळ. तासाला जास्तीत जास्त १०० किलो तूर भरडते. थ्री फेज जोडणी लागते.’ उद्गारचिन्ह काढलं. विक्रेता जरा हिरमुसला.