वीस मिलिमीटरच्या ठोकळ्याने मला गंडवलं

आमची वेंगुर्ल्याला काजू सोलायची छोटी शेड आहे. मशीनच्या सेन्सरचं ब्रॅकेट तुटलं म्हणून कॅडमध्ये नवीन काढलं आणि थ्रीडी प्रिंटिंगवाल्याकडे दिलं. मटेरियल एबीएस प्लास्टिक. दोन भोकं, मध्यापासून मध्यापर्यंत १२० मिमी, व्यास ५.२, बोल्ट एम५. एबीएस गार होताना आकसतं हे मला माहीत होतं, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "श्रिंकेज कॅलिब्रेशन करून देतंय, १२०० रुपये वेगळे." दुसऱ्या दिवशी फोटो आला: २० मिमीचा ठोकळा, व्हर्नियरवर बरोब्बर २०.००. मी खूश. पैसे पाठवले.

ब्रॅकेट आलं. बोल्ट भोकात शिरेनाच. ड्रिलने ५.२ केलं, एक बसला, दुसरा फ्रेमच्या आट्यांसमोर येईना. फोन केला तर म्हणतो, "तुमची फ्रेमच वाकडी आसा ओ!"

फ्रेम सरळ होती. मी भोकांच्या आतल्या कडांमधलं अंतर घेतलं, ११३.९६. मग बाहेरच्या कडांमधलं, १२४.३६. दोन्हींची सरासरी ११९.१६. भोक लहान-मोठं झालं तरी ही सरासरी हलत नाही, त्यामुळे ती निव्वळ आकसणं दाखवते: १२० मध्ये ०.८४, म्हणजे ०.७ टक्के.

मग ठोकळा बरोबर कसा? त्यातच मेख आहे. ०.७ टक्क्याने २० मिमी फक्त ०.१४ ने कमी होतं. आणि प्लास्टिकची रेघ जराशी फुगून प्रत्येक बाजूला ०.०७ वाढली, की तेवढंच भरून निघतं. दोन चुका एकमेकींना खातात. भोकात मात्र ही फूग आतल्या बाजूला येते, म्हणजे दोन्ही चुका मिळून भोक लहान करतात. माझं ड्रिल करण्याआधी ४.९५ भरलं होतं.

प्रोजेक्ट फाइल मागितली. तो टाळत होता, शेवटी त्याच्या पोराने पाठवली. प्रिंटची सेटिंग ठरवायच्या क्युरा सॉफ्टवेअरमध्ये उघडली: स्केल १००%, भोकं मोठी करायची सेटिंग `Hole Horizontal Expansion` शून्य. कॅलिब्रेशन कसलं, बोटही लावलं नव्हतं!

मित्राच्या मशीनवर त्याच जातीच्या फिलामेंटने परत काढलं. X आणि Y चा स्केल १००.७%. त्याने भोक जेमतेम ४.९८ होतं, उरतात ०.२ मिमी. `Hole Horizontal Expansion` चा आकडा प्रत्येक बाजूला लागतो, म्हणून तिथे ०.१ टाकलं, ०.२ नाही. भोक भरण्यासाठी अख्खं ब्रॅकेट मोठं केलं असतं तर पाच टक्के वाढवावं लागलं असतं, आणि १२० चे जवळजवळ १२५ झाले असते.

दोन्ही बोल्ट हाताने फिरले. १२०० रुपयांसाठी तिसऱ्यांदा फोन केला, आता तो उचलत नाही.