थीसिसमधलं मराठी वाक्य: टिंबांची रोमन, साधं स्पेलिंग की सरळ देवनागरी?

सोलापुरात यंत्रमाग, विडी कामगार, बंद पडलेल्या गिरण्या असल्या विषयांवर इंग्रजीत थीसिस लिहिणारे बरेच जण एकाच जागी अडकतात. मराठी वाक्य इंग्रजी पानावर ठेवायचं कसं? गाईड म्हणतात एकच पद्धत धर आणि शेवटपर्यंत सोडू नको. ते ठीकच, पण धरायची कुठली?

एक वाक्य घेऊ, मीच बनवलंय, समजा मुलाखतीत एक मावशी म्हणाल्या: "हातावर पोट हाय आमचं, कारखाना बंद तर चूल बंद."

टिंबा-रेघांची रोमन म्हणजे आयएसओ १५९१९ घेतलं आणि नियम काटेकोर पाळला तर होतं `hātāvara pōṭa hāya āmacaṁ`. असं सोलापुरात कोण बोलतं? म्हणून बरेच जण न उच्चारला जाणारा अ गाळतात, `hātāvar pōṭ hāy āmcaṁ`. दोन्ही चालतं, पण कुठलं केलंय ते सुरुवातीच्या टिपेत सांगावं लागतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीत तो अ ठेवतात, त्यामुळे तशा कॅटलॉगमध्ये मराठी पुस्तक शोधताना `Solāpūra` असं शेपूट लावून बघा, नाहीतर पुस्तक असून सापडत नाही. आयएएसटी संस्कृतसाठीची, तिथे `ḷ` म्हणजे ऌ. आयएसओमध्ये तेच चिन्ह आपल्या ळ साठी आहे, म्हणून मराठीला आयएसओच बरी. तरी सगळं येत नाहीच. चूल मधला च आणि चहा मधला च वेगळे, पण दोन्हीला `c`. आणि आमचं मधलं टिंब `ṁ` झालं की परका वाचक "आमचम्" वाचतो, मग समजावत बसा.

साधं स्पेलिंग टायपायला सोपं, `hatavar pot hay amcha... chul band`. आता इंग्रजी वाचकाच्या डोळ्याने बघा. पोटाचं भांडं झालं, बंद चूल वाजंत्री घेऊन आली, आणि आमचं का आमचा तेही कळेना. अख्ख्या वाक्यासाठी मी हे कधीच घेणार नाही. माणसांच्या नावांना मात्र हेच हवं. लेखक स्वतः `Shinde` लिहीत असेल तर तुम्ही `Śindē` करू नका, सर्चला सापडणार नाही. जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या नावातलं `Sholapur` पण तसंच ठेवायचं, १८८४ च्या गॅझेटियरच्या नावात तेच आहे, आपण दुरुस्त करायला जायचं नाही.

राहिली देवनागरी. मराठी येणारा परीक्षक भाषांतर लगेच ताडून बघू शकतो, "हाय" चं "आहे" केलं नाही हेही दिसतं. अडचण फॉन्टची. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर कचरा होतं. टाइप केलेल्या मूळ फाइलमधून एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, वाचता आली नाही तर अख्खं युनिकोडमध्ये परत टाइप करा.

माझं मत विचाराल तर मजकुरात इंग्रजी भाषांतर, खाली तळटीपेत देवनागरी मूळ, आणि टिंबांची रोमन फक्त पुस्तकांची नावं नि न भाषांतरलेल्या शब्दांपुरती. तुमचा मुद्दाच शब्दावर उभा असेल तर मात्र मूळ वाक्य वरच आणा. जसं "हातावर पोट". पटकन "हँड टू माउथ" सुचतं, पण त्यात मिळेल तेवढं लगेच संपतं एवढंच येतं, आजची मजुरी बुडाली तर आज उपाशी हा अर्थ फिका पडतो. मी शब्दशः भाषांतर करून खाली दोन ओळींची टीप देईन.

भाषांतर कुणाचं हेही सांगायचं. सगळी भाषांतरं तुमचीच असतील तर सुरुवातीला एकदा लिहिलं की पुरतं, मग फक्त दुसऱ्याचं छापील भाषांतर वापरलं तिथे त्याचं नाव. एमएलएमध्ये कंसात "माय ट्रान्स." टाकतात. एपीएची सातवी आवृत्ती मात्र तुम्ही स्वतः केलेलं भाषांतर कोट धरतच नाही, पॅराफ्रेज धरते, म्हणजे अवतरणचिन्हं काढा. तुमची स्टाइल कुठली ते आधी विचारून घ्या, नंतर दोनशे पानांतली चिन्हं काढत बसणं म्हणजे शिक्षाच.

आणि सोलापूरची खास भानगड: विणकर आजोबा तेलुगूत बोलले, त्यांच्या सुनेने मराठीत सांगितलं, तुम्ही इंग्रजीत लिहिलं. हे नुसतं "माझं भाषांतर" नाही. टिपेत लिहा की मूळ तेलुगू, मध्ये घरच्याच माणसाने मराठीत सांगितलं, आणि तळटीपेत दिलेलं मराठी हे आजोबांचे शब्द नाहीत, सुनेचे आहेत. रेकॉर्डिंग असेल तर तेलुगू येणाऱ्याकडून निदान जे कोट थेट वापरलेत तेवढे तरी ऐकवून घ्या. सासऱ्याने मालकाला हासडलेली शिवी सुनेने गाळली असण्याची शक्यता बरीच असते.