नोंदणी केलेला पाहुणा येऊ शकत नाही: नावबदल, थेट हस्तांतरण की प्रतीक्षायादी?

तुमची एक दिवसाची सशुल्क परिषद किंवा कार्यशाळा आहे असं धरू. २०० जागा, तिकीट १,५०० रुपये, त्यात चहा-नाश्ता, जेवण, नावाचा बिल्ला आणि शेवटी प्रमाणपत्र. जागा भरल्यात, २५ जण प्रतीक्षायादीत आहेत. कार्यक्रम आठवड्यावर आला की निरोप येऊ लागतात: "मला जमत नाहीये, माझ्याऐवजी बहीण आली तर चालेल का?" याचं उत्तर नोंदणी उघडण्याआधीच ठरलेलं आणि तिकिटावर छापलेलं हवं, नाहीतर प्रत्येकाला वेगळं उत्तर जातं आणि भांडण प्रवेशद्वारावर होतं.

पर्याय मुख्यतः तीन. आयोजकाने नाव बदलून द्यायचं; पाहुण्याने स्वतःच संगणकप्रणालीतून तिकीट दुसऱ्याला पाठवायचं; किंवा तिकीट परत घेऊन पैसे द्यायचे आणि जागा प्रतीक्षायादीतल्या माणसाला विकायची. "ज्याच्या हातात पास त्याला प्रवेश" असा चौथा मार्गही आहे. बिल्ला, जेवणाची निवड वगैरे काही नसलेल्या संध्याकाळच्या मैफलीला तो पुरतो, पण नावावर प्रमाणपत्र द्यायचं असेल तिथे कामाचा नाही.

पर्याय निवडण्याआधी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. तिकिटावरचं नाव आणि तिकिटावरचा क्यूआर कोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच प्रणालींमध्ये नाव दुरुस्त केलं तरी कोड तोच राहतो. म्हणजे यादीत बहिणीचं नाव आलं, तरी मूळ पाहुण्याच्या फोनमधली पीडीएफ दारावर चालतेच. दोघेही आले, तर जो आधी पोचेल तो आत जातो आणि दुसऱ्याच्या वेळी पडद्यावर "आधीच वापरलेलं तिकीट" असं दिसतं. बहुतेक वेळा अडकते ती नवी, खरी पाहुणी. म्हणून नाव बदललं की कोड नवा द्यायचा आणि जुना रद्द करायचा, हे एकाच कामाचे दोन भाग समजावेत. तिसरा भाग ईमेल आणि मोबाइलचा. तो राहिला तर स्थळबदलाचा निरोप, वेळापत्रक आणि प्रमाणपत्र सगळं न येणाऱ्या माणसाकडे जात राहतं.

आयोजकाने नाव बदलणं

यात पैशाची हालचाल शून्य. बीजक ज्याने पैसे भरले त्याच्या नावावर तसंच राहतं, कारण बदलतो तो येणारा माणूस, पैसे भरणारा नव्हे. ते दोघे आपापसांत काय देणंघेणं करतात त्यात आयोजकाने पडू नये. किंमत मोजावी लागते ती तुमच्या वेळेची. निरोप वाचणं, खात्री करणं, बदल करणं, नवं तिकीट पाठवणं असं धरलं तर एका बदलाला पाच-दहा मिनिटं सहज जातात.

खात्री कशी करायची, इथे बरेच आयोजक ढिले पडतात. नव्या माणसाने "अमक्याच्या जागी मी येतोय, त्याने सांगितलंय" असं कळवलं, तर त्यावर बदल करू नका. विनंती नोंदणीच्या वेळी दिलेल्या ईमेलवरूनच यायला हवी, आणि एकाने चार तिकिटं काढली असतील तर ती काढणाऱ्याकडूनच. त्यात नोंदणी क्रमांक, जुनं नाव, नवं नाव, नव्या माणसाचा ईमेल-मोबाइल आणि जेवणाची निवड असावी. बदल झाल्यावर नवं तिकीट नव्या माणसाला आणि "तुमचं जुनं तिकीट रद्द झालं आहे" असा निरोप जुन्याला, असे दोन्ही ईमेल जावेत. दुसरा ईमेल फार महत्त्वाचा आहे. कुणी खोटी विनंती केली असेल, तर मूळ पाहुण्याला ती त्याच दिवशी कळते.

तिकीटप्रणाली न वापरता गूगल शीटवर नोंदणी ठेवणाऱ्यांनी जुन्या ओळीतलं नाव कधीही खोडून लिहू नये. जुनी ओळ "रद्द" करावी आणि त्याच नोंदणी क्रमांकाची नवी ओळ नव्या कोडसह घालावी. समजा ११७ क्रमांकाचं तिकीट बदललं: जुना कोड ११७-क रद्द, नवा ११७-ख चालू. नोंदणी क्रमांक A स्तंभात आणि स्थिती D स्तंभात असेल, तर शेजारच्या रिकाम्या स्तंभात हे सूत्र ठेवा आणि खालपर्यंत ओढा:

```
=COUNTIFS(A:A,A2,D:D,"चालू")
```

नोंदणी असलेल्या प्रत्येक ओळीत उत्तर १ यायला हवं. २ आलं तर एका जागेवर दोन तिकिटं जिवंत आहेत, ० आलं तर जुनं रद्द करून नवं द्यायचं राहिलंय. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री हा स्तंभ एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला, की दारावरचे बरेचसे वाद तिथेच संपतात.

पाहुण्याने स्वतः हस्तांतरण करणं

हजारभर तिकिटं असतील आणि कार्यालयात दोनच माणसं असतील, तर हाच मार्ग झेपणारा. पाहुणा आपल्या नोंदणीत जातो, नवं नाव आणि ईमेल भरतो, बाकी प्रणाली करते. पण निवड करण्याआधी प्रणालीची चाचणी घ्या. दोन तिकिटं स्वतःच काढा, एक हस्तांतरित करा आणि जुना कोड प्रवेशाच्या ॲपमध्ये स्कॅन करा. हिरवा दिवा लागला, तर ही सोय बंद ठेवलेलीच बरी. हीच चाचणी फोनचं इंटरनेट बंद करून पुन्हा करा. ऑफलाइन चालणारं ॲप शेवटच्या वेळी उतरवून घेतलेल्या यादीवर विसंबून असतं, त्यामुळे सकाळी आठला रद्द झालेला कोड त्याला साडेआठला माहीत नसतो. तळघरातल्या सभागृहात नेटवर्क नसतं, तिथे हे हमखास होतं. उपाय सोपा आहे: हस्तांतरण आदल्या रात्री बंद करायचं आणि दारावरचे सगळे फोन त्यानंतर, नेटवर्क असलेल्या जागी, एकदा अद्ययावत करून घ्यायचे.

दुसरी अडचण दरवर्गाची. विद्यार्थी सवलतीत ८०० रुपयांना घेतलेलं तिकीट नोकरदाराच्या नावावर गेलं तर ७०० रुपयांचा फरक कोण भरणार? आयोजक हाताने बदल करत असेल तर तो फरक मागू शकतो. प्रणाली बहुधा विचारतही नाही. म्हणून सवलतीच्या तिकिटांना स्वतः हस्तांतरणाची मुभा देऊ नका. आणि मागणी मोठी असेल, तर खुल्या हस्तांतरणाने तिकिटं चढ्या भावाने विकणाऱ्यांचं काम सोपं होतं. इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात म्हणूनच तिकिटावर नोंदणी केलेल्या माणसाचा फोटो असतो, तिकीट दुसऱ्याला देता येत नाही आणि परत आलेली तिकिटं महोत्सवाच्या अधिकृत फेरविक्रीतूनच जातात.

परत घेऊन प्रतीक्षायादीला देणं

न्यायाच्या दृष्टीने हा मार्ग मला सर्वांत पटतो. नावबदलात पाहुण्याचा मित्र रांग ओलांडून आत येतो आणि महिनाभर थांबलेले २५ जण बाहेरच राहतात. पण इथे पैसे दोनदा फिरतात. पेमेंट गेटवेचं शुल्क २ टक्के धरलं तर १,५०० वर ३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ५.४०, एकूण ३५.४० रुपये. पैसे परत केले तरी मूळ व्यवहाराचं हे शुल्क गेटवे सहसा परत करत नाही. तीच जागा पुन्हा विकली की आणखी ३५.४०. म्हणजे एका जागेमागे ७०.८० रुपये गेले. १०० रुपये रद्दशुल्क ठेवलं, तर हा खर्च निघतो आणि पाहुण्यालाही ते अवाजवी वाटत नाही. जीएसटीचं बीजक दिलं असेल तर क्रेडिट नोटही काढावी लागते, आणि हे काम नावबदलात मुळीच नसतं.

पैसे ज्या खात्यातून आले तिथेच गेटवेतून परत करावेत. "दुसऱ्या यूपीआयवर टाका" ही विनंती मान्य केली, तर हिशेब जुळत नाही आणि फसवणुकीला वाट मिळते. रक्कम पोचायला साधारण ५ ते ७ कामाचे दिवस लागतात, हे आधीच लिहून द्यावं म्हणजे रोज फोन येत नाहीत. प्रतीक्षायादीतल्या माणसाला पैसे भरायला २४ तास द्यावेत. शेवटच्या तीन दिवसांत मात्र लिंक पाठवून वाट पाहत बसू नये, थेट फोन करावा आणि दोन तासांत उत्तर नाही आलं तर पुढच्याला विचारावं.

| | आयोजकाने नावबदल | स्वतः हस्तांतरण | परत आणि प्रतीक्षायादी |
|---|---|---|---|
| तुमचा वेळ | मध्यम | कमी | सर्वांत जास्त |
| एका जागेचा खर्च | नाही | प्रणालीनुसार | सुमारे ७१ रुपये |
| मुख्य धोका | खोटी विनंती | जुना कोड चालू राहणं | जागा रिकामी राहणं |
| कधीपर्यंत | बिल्ले छापेपर्यंत | आदल्या रात्रीपर्यंत | १० दिवस आधीपर्यंत |

शेवटच्या ओळीतल्या मुदती तुमच्या कामाच्या तारखांवरून ठरतात. केटरर जेवणाचा अंतिम आकडा दोन दिवस आधी मागत असेल आणि बिल्ले तीन दिवस आधी छापायला जात असतील, तर नावबदलाची मुदत चार दिवस आधी संध्याकाळी सहापर्यंत ठेवावी. माणूस बदलल्याने ताटांचा आकडा बदलत नाही, पण जैन किंवा उपवासाच्या ताटाची संख्या बदलते.

वर धरलेल्या २०० जागांच्या कार्यक्रमाला मी अशी सांगड घालेन. १० दिवस आधीपर्यंत पाहुण्याने निवडावं: १०० रुपये वजा करून पैसे परत, किंवा नावबदल. त्यानंतर, कार्यक्रमाच्या चार दिवस आधीपर्यंत फक्त नावबदल, एका तिकिटाला एकदाच. त्यापुढे पैसे परत नाहीत. मात्र मूळ पाहुण्याच्या नोंदणीकृत ईमेलवरून निरोप आला असेल तर बदली माणसाला दारावर घ्यावं, त्यासाठी दहा कोरे बिल्ले आणि एक जाड मार्कर मदतकक्षात ठेवावा. कक्षात बसणाऱ्याकडे बदलांची छापील यादी हवी, जुनं नाव आणि नवं नाव शेजारी-शेजारी.

एका कंपनीने चार तिकिटं एकत्र काढली आणि त्यातला एक जण बदलला, तर काय होतं पाहा. चारही तिकिटं एकाच पीडीएफमध्ये असतात आणि ती फाइल व्हॉट्सॲपवर चौघांकडे फिरलेली असते. तुम्ही तिसऱ्या तिकिटाचा कोड बदललात, पण उरलेले तिघे जुनीच फाइल दाखवणार आणि त्यांच्यासोबत आलेला नवा माणूसही तीच उघडून तिसरं पान पुढे करणार. पडदा लाल होतो, रांग थांबते. म्हणून गटाच्या तिकिटात एक जरी बदल झाला तरी तिकिटं काढणाऱ्याला चौघांची नवी फाइल पाठवावी आणि ईमेलच्या विषयातच "जुनी फाइल वापरू नका" असं लिहावं. तरीही लाल झालंच, तर स्कॅन करणाऱ्याने वाद न घालता मदतकक्षाकडे पाठवावं. यादीत नवं नाव असेल आणि नवा कोड अजून वापरलेला नसेल, तर ओळखपत्र पाहून तो कोड तिथेच हाताने वापरलेला नोंदवावा आणि पाहुण्याला आत सोडावं.

धावण्याच्या स्पर्धांना यातलं काही लागू करू नका. तिथे छातीवर लावायच्या बिब क्रमांकाला धावपटूचा रक्तगट, आपत्कालीन संपर्क आणि वयोगट जोडलेला असतो. दुसऱ्याच्या बिबवर धावणारा वाटेत कोसळला तर डॉक्टरांच्या हाती चुकीची माहिती येते आणि फोन भलत्याच घरी जातो.