तीन बोटांचा ब्लाइंड्स-चिमटा: पावसाळा आणि दिवाळी काढल्यानंतरचा अनुभव

आमच्याकडे दोन खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियमचे व्हेनिशियन ब्लाइंड्स आहेत. एक हॉलमध्ये, रस्त्याच्या बाजूला, आणि दुसरे स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्यापासून जेमतेम दोन हातांवर. पट्ट्या नेहमीच्या, २५ मिलिमीटर रुंदीच्या. ते पुसण्यासाठी पावसाळ्याच्या तोंडावर मी ऑनलाइन तो तीन बोटांचा मायक्रोफायबर चिमटा मागवला: प्लास्टिकचा दांडा, त्याला तीन बोटं, प्रत्येक बोटावर कापडाची टोपी. दोन पट्ट्या एका वेळी तीन बोटांमध्ये धरायच्या आणि ओढायचं.

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना एवढंच हवंय ते सुटतील. हॉलच्या सुक्या धुळीला चिमटा उत्तम. स्वयंपाकघराच्या ओशट थराला तो कुचकामी आहे, आणि पट्ट्या वाकण्याची भीती तिथेच जास्त. तिथे मी आता जुना सुती मोजा वापरते.

पट्टी का वाकते ते समजलं की बाकीचं सोपं होतं. ही पट्टी जाडीला साधारण ०.२ मिलिमीटर असते. एवढा पातळ पत्रा आडवा राहतो तो फक्त त्याला रुंदीत दिलेल्या बाकामुळे. सुताराच्या स्टीलच्या मोजपट्टीसारखंच आहे हे. टेप खोलगट बाजू वर ठेवून बाहेर काढा, हातभर लांब गेली तरी ताठ राहते. तीच उलटी करा, लगेच मान टाकते. ब्लाइंडच्या उघड्या पट्टीची फुगीर बाजू वर असते. त्यामुळे दोन दोऱ्यांच्या मधल्या भागावर वरून हलका दाब आला तर ती सोसते, पण खालून वर ढकललं की पटकन मोडते. दोरीच्या बाहेर लोंबणाऱ्या टोकांचं बरोबर उलटं आहे, ती खाली दाबली की दुमडतात. पुसताना आपण नेमकं हेच करतो. मधे खालून अंगठ्याने रेटतो आणि टोकाशी आल्यावर कापड खाली ओढतो.

म्हणून माझा पहिला नियम असा की आधाराचा हात पट्टीच्या खाली फक्त असावा, त्याने वर ढकलू नये. दुसरा नियम, पुसायचं ते ओढून, रेटून नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांनी दोरीपाशी पट्टी हलकेच धरायची आणि तिथून उजवीकडे कापड ओढत न्यायचं. पट्टी ताणली गेली तर तिला काही होत नाही. धरलेल्या हाताकडे कापड रेटत आणलं की ती मधे कमान करते आणि कडेला चुणी पडते. पुढची दोरी आली की कापड उचलायचं, दोरीच्या पलीकडून परत सुरू करायचं. पट्टी न धरता ओढलं तर ती सरकते, तिच्यातल्या भोकाची कड उभ्या दोरीला अडते, आणि पहिली सुरकुती बहुतेक वेळा त्या भोकापाशीच येते. तिथे पत्रा आधीच कापलेला असतो, जोर कमी.

आता चिमट्याबद्दल. त्याच्या तीन बोटांतलं अंतर ठरलेलं असतं. पट्ट्या आडव्या, पूर्ण उघड्या असतील तरच तो नीट बसतो. पट्ट्या तिरक्या असताना घुसवला तर मधलं बोट वरच्या पट्टीला वर आणि खालच्या पट्टीला खाली ढकलतं. दांडा घट्ट दाबला की बोटांची टोकं आधी मिटतात, त्यामुळे दाब सगळा पट्टीच्या मागच्या कडेवर येतो. म्हणून पकड अगदी सैल ठेवायची, कापड पट्टीला टेकलं एवढंच पुरे. आणि वरच्या पट्ट्यांसाठी स्टूल घ्यायचंच. खाली उभं राहून हात वर करून ओढलं की चिमटा तिरका होतो आणि टोकं खाली खेचली जातात. कोपर पट्टीच्या पातळीत आलं पाहिजे.

या पद्धतीने हॉलचे ब्लाइंड्स अजून नव्यासारखे आहेत. मात्र मी चिमट्याच्या आधी एक काम करते. दांडी फिरवून पट्ट्या जवळजवळ बंद करते, म्हणजे त्या एकमेकींवर थोड्या चढतात आणि एकमेकींना आधार देतात, आणि मऊ केसांच्या ब्रशने वरून खाली हलकेच झटकते. मग दांडी उलट फिरवून दुसरी बाजू. व्हॅक्यूम क्लीनरचं ब्रशचं तोंड असेल तर तेही चालतं, ओढ कमी ठेवून. मोठी धूळ यात निघते, चिमट्याला फक्त उरलेली पावडर टिपायची राहते. दर पंधरवड्याला एवढं केलं की हॉलमध्ये पाणी लागतच नाही. पाणी आधी लावायचंही नाही, नाहीतर धुळीचा चिखल होऊन कडांना वाळतो.

टोप्यांबद्दल एक तक्रार. धुतल्यावर त्या जरा आखडल्या आणि आता बोटांवर चढवताना शिवण सुटायला लागली आहे. सुगंधी फॅब्रिक कंडिशनरमध्ये मायक्रोफायबर बुडवू नका, धागे माखतात आणि धूळ धरेनाशी होतात.

स्वयंपाकघरात सगळं वेगळं आहे. फोडणीतून आणि तळणीतून तेलाचे बारीक कण उडतात. चिमणी लावली तरी सगळे ओढले जात नाहीत, आणि ओट्याजवळचा पत्रा थंड असल्यामुळे ते तिथे बसतात. ताजा थर नुसता ओला, तेलकट असतो. पण सूर्यफूल किंवा सोयाबीनसारखं तेल पातळ थरात हवेला उघडं राहिलं की हळूहळू घट्ट होत जातं, पिवळं, चिकट, गोंदासारखं. त्यात धूळ रुतली की तिला झटकता येत नाही. असल्या थरावर चिमटा ओढला की कापड चिकटतं, धक्क्याने सुटतं, आणि त्या धक्क्यात पट्टी वाकते. जोर लावावा लागतोय असं जाणवलं की थांबायचं आणि थराला वेळ द्यायचा.

मी असं करते. एक लिटर कोमट पाणी, हात सहज बुडवता येईल इतपत, त्यात एक चहाचा चमचा भांड्यांचं लिक्विड. जास्त घातलं तर फेस होतो आणि पुसून काढता काढता जीव जातो. पट्ट्या बंद करून या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं कापड वरून खाली नुसतं टेकवत जायचं, घासायचं नाही. पाचेक मिनिटं तशीच ओलसर ठेवायची. मधे वाळायला लागली तर परत टेकवायचं. मग पट्ट्या उघडून, हातात ओला मोजा घालून, एकेक पट्टी वर सांगितल्यासारखी ओढत पुसायची. मोज्यात अंगठा वर आणि दोन बोटं खाली ठेवली की दोन्ही बाजू एकदम निघतात, आणि मुख्य म्हणजे बोटांना कळतं की पट्टी कुठे अडतेय. प्लास्टिकच्या दांड्याला ते कळत नाही. नंतर साध्या पाण्याचा दुसरा मोजा. हा फेरा गाळू नका, साबणाचा अंश राहिला की वाळल्यावर डाग दिसतात आणि नवी धूळ लवकर धरते. शेवटी कोरडं कापड.

चार फूट उंचीच्या आमच्या ब्लाइंडमध्ये पन्नासेक पट्ट्या आहेत, म्हणून मी एकदम सगळं करत नाही. थर सगळीकडे सारखा नसतोच. गॅसच्या बाजूची टोकं आणि वरच्या पट्ट्या सर्वांत वाईट, खालच्या त्या मानाने बऱ्या. वरचा तिसरा भाग आज, बाकीचं पुढच्या रविवारी. दिवाळीच्या तळणानंतर मात्र आठवड्याच्या आत हात फिरवला, आणि थर ताजा असल्यामुळे पाच मिनिटं थांबावंही लागलं नाही.

दुकानात मिळणारे ओव्हनचे किंवा चिमणीचे जालीम क्लीनर इथे नकोत. त्यातल्या काहींमध्ये कॉस्टिक सोडा असतो आणि तो अ‍ॅल्युमिनियम खातो. पट्टीला रंग असतो, पण कापलेल्या कडांना आणि भोकांना तो नसतो, तिथून सुरुवात होते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. धुण्याचा सोडाही याच कारणाने टाळते. शेजारच्या काकूंनी खाण्याच्या सोड्याची पेस्ट सुचवली होती. ती रसायन म्हणून सौम्य आहे, पण तिच्या कणांनी चकाकी जाते. पांढऱ्या जादूच्या स्पंजचंही तेच, तो फार बारीक पॉलिशपेपर आहे. कुठलंही नवं द्रव्य आधी सर्वांत खालच्या पट्टीच्या मागच्या बाजूला लावून बघायचं.

ब्लाइंड्स काढून बाथरूममध्ये धुण्याबद्दल बरेच जण विचारतात. थर फारच जुना असेल तर करता येतं, पण वरची पेटी पाण्यात बुडवायची नाही, आत दांडीचं गिअर आणि दोऱ्यांची फिरकी असते. काढताना पट्ट्या पूर्ण वर गोळा करून, दोरी बांधून, गठ्ठा दोघांनी आडवा धरून न्यायचा. एकट्याने नेताना मधे लोंबला की कितीतरी पट्ट्या एकदम दुमडतात. धुताना पेटी बादलीच्या पाण्यापासून वर टांगलेली हवी. वाळवताना पूर्ण खाली सोडून, पट्ट्या उघड्या ठेवून, पंख्याखाली. दोऱ्या पट्ट्यांपेक्षा उशिरा वाळतात. पावसाळ्यात गठ्ठा करून ठेवले तर दोऱ्यांना काळे ठिपके येतात, म्हणून हे काम मी जूनच्या आधी किंवा ऑक्टोबरनंतरच करीन.

तरीही एखादी पट्टी वाकतेच. आमच्याकडे एक आधीपासून वाकलेली होती, बसवणाऱ्या माणसाच्या कोपराने. बंद करून उजेडाकडे बघा, जिथे उजेडाची फट दिसते तिथे बाक गेलेला असतो. नुसती सैल वाकलेली असेल तर बाकाच्या वळणाने दोन बोटांत धरून हलकेच ओढली की सरळ होते. पण नखाला लागेल अशी रेघ उमटली असेल तर ती जात नाही, आणि सरळ करायच्या नादात तिथेच तडा जातो. अशी पट्टी मी सर्वांत खालच्या पट्टीशी बदलली. तळाच्या जड पट्टीखालची प्लास्टिकची बुचं काढायची, दोरीच्या गाठी सोडायच्या, दोरी वाकलेल्या पट्टीच्या वरपर्यंत खेचून घ्यायची, पट्टी आडवी सरकवून बाहेर. तिच्या जागी खालची चांगली पट्टी, आणि वाकलेली अगदी तळाला, जिथे ती खिडकीच्या कट्ट्याआड जाते. दोरी परत ओवताना पट्ट्या पेलणाऱ्या दोऱ्यांच्या शिडीतल्या आडव्या धाग्यांच्या एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून न्यायची, नाहीतर पट्ट्या बाजूला सरकत राहतात. गाठी मारल्यावर, बुचं बसवण्याआधी, ब्लाइंड एकदा पूर्ण वर उचलून बघा. तळपट्टी तिरकी आली तर एका बाजूची गाठ थोडी वर घ्यावी लागते.