डाउनव्होट सगळ्यांना द्यायचा की कर्मा कमावलेल्यांनाच?

चर्चेची साइट सुरू करताय आणि व्होटिंग कसं ठेवायचं यावर गाडी अडलीय, तर माझ्या मते खरा प्रश्न एकच आहे. डाउनव्होटचं बटण पहिल्या दिवसापासून सगळ्यांना द्यायचं का ठराविक कर्मा, म्हणजे इतरांच्या मतांतून मिळणारे गुण, झाल्यावरच? अपव्होटवरून कुणी फारसं भांडत नाही. मी एक छोटी साइट आधी पहिल्या पद्धतीने चालवली, मग दुसरीवर आणली.

पहिली पद्धत रेडिटमुळे सगळ्यांना माहितीय. तिची जमेची बाजू खरंच मोठी आहे, फालतू पोस्ट मॉडरेटर झोपलेला असला तरी लोकच खाली ढकलतात. आणि क्रमाचं गणितही छान आहे, त्यांच्या गाजलेल्या सूत्रात मतांचा लॉग घेऊन त्यात वेळेचे सेकंद भागिले 45000 मिळवतात. म्हणजे पहिली 10 मतं जेवढं वजन देतात तेवढंच वजन पुढे मिळवायला आणखी 90 मतं लागतात, आणि प्रत्येक दसपट म्हणजे साडेबारा तासांची आघाडी. त्यामुळे कालची गाजलेली पोस्ट आज आपोआप खाली सरकते.

पण मला ज्याने वैताग आणला ते याच गणितात दडलेलं होतं. रेडिटने 2008 मधे कोड खुला केला, तेव्हापासून हे सूत्र जगभर कॉपी होत गेलं, आणि त्याची दोन रूपं फिरतात:

```
order + sign * seconds / 45000
sign * order + seconds / 45000
```

यात बेरीज म्हणजे अपव्होट वजा डाउनव्होट, `order` म्हणजे चिन्ह सोडून आणि किमान 1 धरून त्या बेरजेचा 10 च्या पायाचा लॉग, आणि `sign` म्हणजे बेरीज अधिक असेल तर 1, शून्य असेल तर 0, उणे असेल तर -1. वरचं रूप जुनं. नवी पोस्ट लेखकाच्या स्वतःच्या 1 मताने सुरू होते, त्यावर कुणी पहिल्याच मिनिटाला एक डाउनव्होट टाकला की बेरीज 0, `sign` पण 0, आणि वेळेचा सगळा भाग गुणाकारात उडाला. सेकंद डिसेंबर 2005 पासून मोजतात, त्यामुळे शेजारच्या पोस्टचा आकडा हजारांत आणि हिचा शून्य! ती थोडी खाली जात नाही, मुख्य पानावरून गायबच होते, आणि पान बघणाऱ्याला दिसलीच नाही तर वर आणणार कोण. खालच्या रूपात बेरीज 0 झाली तरी पोस्ट जागेवर राहते, उणे 10 झाली तर साडेबारा तास जुनी असल्यासारखी वागते, जे मला रास्त वाटतं. आमच्या सॉफ्टवेअरमधे वरचं रूप होतं आणि स्वतःची पोस्ट वर राहावी म्हणून 'नवीन' पानावर बसून बाकीच्यांना एकेक डाउनव्होट देणारी मंडळी होती. तुमच्याकडे असं होतंय का हे ओळखायला बेरीज 0 असलेल्या पोस्ट काढा, त्यांचे व्ह्यूज पहिल्या काही मिनिटांतच थांबले असतील तर समजून जा. त्यात कर्मा कमी म्हणून नवख्याला पुढची पोस्ट टाकायला थांबावं लागत असेल तर तो परत येतच नाही, निदान आमच्याकडे तरी असंच दिसलं.

सूत्र बदललं की संपलं ना, असं कुणी म्हणेल, आणि अर्धं बरोबर आहे. पण पहिल्या मिनिटातल्या मताचं वजन तरीही जास्तच राहतं, म्हणून मी दुसरीकडे वळलो.

दुसऱ्या पद्धतीत हॅकर न्यूज या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या साइटवर बातमीला डाउनव्होट नाहीच, कमेंटला आहे, तोही कर्मा 500 च्या वर गेल्यावर. त्यांचं म्हणून सगळीकडे सांगितलं जाणारं सोपं सूत्र म्हणजे मतांतून 1 वजा, भागिले पोस्टच्या वयाच्या तासांत 2 मिळवून त्याचा 1.8 वा घात. एका तासाची 5 मतांची पोस्ट आणि 10 तासांची 50 मतांची पोस्ट, दोन्ही साधारण 0.55 वर येतात. म्हणजे नवख्याला चार माणसांनी उचललं तरी तो मोठ्यांच्या शेजारी बसतो, आणि एकट्या कुणाला डाउनव्होटने त्याला पाडता येत नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर डाउनव्होटला 125 गुण लागतात, आणि उत्तराला दिलात तर स्वतःचा 1 जातो. ही छोटीशी किंमत मला फार आवडते, कारण माणूस बटण दाबायच्या आधी उत्तर वाचतो.

दुसरीचे तोटे आहेतच. जुन्या लोकांचा गट तयार होतो आणि तेच ठरवायला लागतात, शिवाय कर्मासाठी सोप्या, सगळ्यांना पटणाऱ्या कमेंट टाकणारेही वाढतात. स्पॅमसाठी तक्रारीचं बटण वेगळं द्यावं लागतं. आणि मर्यादा उसनी घेऊ नका, स्टॅकवर एका अपव्होटला 10 मिळतात म्हणून 125 म्हणजे साधारण 13 अपव्होट, पण जिथे एका अपव्होटला 1 मिळतो अशा छोट्या साइटवर 500 ठेवलेत तर वर्षभर कुणीच तिथे पोचणार नाही.

तुमच्याकडे गर्दी प्रचंड असेल आणि मॉडरेटर कमी, तर पहिली पद्धत कदाचित बरी पडेल, फक्त सूत्राचं खालचं रूप आहे ना ते कोडमधे बघून घ्या. बाकी लहान किंवा मध्यम साइट असेल तर मी तरी दुसरीच घेईन, मर्यादा अशी ठेवून की नियमित लिहिणारा माणूस महिना-दोन महिन्यांत तिथे पोचेल.