पाणी बंद, लिफ्ट बंद: मराठी-इंग्रजी सूचना एकाच मेसेजमध्ये की दोन वेगळ्या?

सेक्रेटरीपद गळ्यात पडलं की पहिल्याच महिन्यात हा प्रश्न येतो. आमच्या पुण्यातल्या 48 फ्लॅटांत निम्मी घरं मराठीत वाचणारी आहेत. उरलेल्यांत बरेचसे भाडेकरू, त्यांना इंग्रजी सोयीचं. मी दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या आहेत. माझं मत असं की पाण्याची सूचना एकाच मेसेजमध्ये द्यावी, लिफ्टची दोन वेगळ्या मेसेजमध्ये.

पाण्याचं आधी. पालिकेची सूचना साधारण ठरलेली असते: गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने. ती जशीच्या तशी फॉरवर्ड केली की घोळ होतो, कारण आपल्या नळाला पाणी पालिकेच्या वेळापत्रकाने येत नाही, आपल्या टाकीतून येतं. आमच्याकडे 160 माणसं आहेत. माणशी 135 लिटर धरले तर दिवसाला 21,600 लिटर लागतात. खालची आणि वरची टाकी काठोकाठ भरली तरी 30,000. म्हणजे गुरुवारी कुणी हात आखडता घेतला नाही, तर शुक्रवारी सकाळी 8,400 लिटर उरतात आणि आंघोळींच्या वेळेलाच ते संपतात. म्हणून आम्ही गुरुवारी 10 ते 5 वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवतो. सूचनेत वेळ जाते ती या व्हॉल्व्हची.

ही वेळ आदल्या दिवशी ठरते आणि सहसा बदलत नाही. त्यामुळे दोन्ही भाषा एका मेसेजमध्ये बसतात आणि आकडे दोन ठिकाणी वेगळे पडत नाहीत. मात्र फोनवर नोटिफिकेशनमध्ये पहिली ओळच नीट दिसते, म्हणून ती दोन्ही भाषांची ठेवायची:

```
*पाणी बंद / No water: गुरु Thu 14, 10 am–5 pm*
नळाला पाणी येणार नाही. बुधवारी रात्री भरून ठेवा.
शुक्रवारी सकाळी दाब कमी असेल.
Taps will be dry. Please store water on Wed night.
Low pressure on Fri morning.
```

‘पाणीकपात’ हा शब्द मी मुद्दाम टाळतो. कपात म्हटलं की अर्धे लोक समजतात, थोडं कमी येईल, पण येईल.

खरा खड्डा मध्यरात्रीचा आहे. पालिकेचं काम रात्री 12 पासून सुरू होणार होतं, तेव्हा मी मराठीत लिहिलं, ‘बुधवारी रात्री 12 पासून’. आपल्याकडे याचा अर्थ बुधवार संपताना. खाली इंग्रजीत घाईने Wed 12 am टाकलं, ज्याचा अर्थ बुधवार सुरू होताना. एका मेसेजमध्ये पूर्ण 24 तासांचा फरक. इंग्रजी वाचणाऱ्यांनी मंगळवारी रात्री बादल्या भरल्या, बुधवारी पाणी येतंच आहे म्हणून ओतून दिल्या आणि गुरुवारी सकाळी माझ्या दारात आले. तेव्हापासून रात्री 12 लिहायचंच नाही. ‘बुधवारी रात्री झोपण्याआधी भरा’ हे दोन्ही भाषांत एकाच अर्थाचं राहतं. ‘परवा’ही नको, तो मागचाही असतो आणि पुढचाही.

लिफ्टचं गणित वेगळं. मेकॅनिक 11 वाजता येतो म्हणतो आणि 1 वाजता उगवतो. दाराचा सेन्सर असेल तर तासाभरात होतं, पार्ट मागवावा लागला तर दोन दिवस. सूचना दिवसातून तीनदा बदलते. वॉट्सअॅपवर मेसेज 15 मिनिटांपर्यंतच सुधारता येतो. जोडमेसेज असला की नवा पाठवताना मराठी भाग बदलला जातो आणि खालचं इंग्रजी जुनंच राहतं. माझ्याकडून हे दोनदा झालंय. वेगळे मेसेज असले की प्रत्येकावर रिप्लाय करून पुढची बातमी टाकता येते आणि ज्याला जी भाषा हवी त्याच्यापुढे तोच धागा येतो. यात ग्रुप जरा भरतो, तेवढं सोसावं लागतं.

लिफ्टच्या सूचनेत ‘संध्याकाळपर्यंत सुरू होईल’ असा शब्द द्यायचा नाही. मी लिहितो: ‘बी विंगची डावी लिफ्ट बंद. उजवी सुरू आहे. पुढची माहिती 4 वाजता.’ मग 4 वाजता सांगण्यासारखं काही नसलं तरी तेवढं तरी सांगायचंच. कोणती लिफ्ट चालू आहे ही ओळ सर्वांत महत्त्वाची. ती नसली की सातव्या मजल्यावरच्या आजी डॉक्टरांची अपॉइंटमेंट रद्द करून बसतात.

सिलिंडरवाला आणि कामाच्या ताई ग्रुपमध्ये नसतात. त्यांच्यासाठी तोच मराठी मेसेज मोठ्या अक्षरांत छापून तळमजल्यावर लिफ्टच्या दाराला चिकटवायला मी वॉचमनकाकांना सांगतो. लिफ्ट सुरू झाली की कागद काढायचं कामही त्यांचंच, नाहीतर लोक चालू लिफ्टसमोरून जिना चढत राहतात.