यंत्रमाग कामगारांचा खोकला: प्रिव्हॅलन्स, इन्सिडन्स की रिलेटिव्ह रिस्क?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर चादरी आणि टॉवेल विणले जातात, आणि दिवसभर कापसाची धूळ नाकातोंडात जाते. या कामगारांच्या खोकल्यावर प्रोजेक्ट करायचा, तर आधी ठरवावं लागतं की नेमकं काय मोजायचं. खालचे आकडे गणितापुरते धरलेले आहेत.

समजा, 1000 कामगार तपासले. आठ आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला 200 जणांना निघाला. प्रिव्हॅलन्स, म्हणजे तपासणीच्या वेळी आजारी असलेल्यांचं प्रमाण, 20 टक्के. दवाखान्यात किती औषध लागेल, किती जणांची छाती तपासावी लागेल, याचं उत्तर एवढ्यात मिळतं. पण हे 200 जण कधी आजारी पडले, ते यातून कळत नाही.

इन्सिडन्ससाठी, म्हणजे नव्याने आजारी पडणाऱ्यांच्या प्रमाणासाठी, त्याच कामगारांचा वर्षभर पाठपुरावा करावा लागतो. ज्यांना आधीच खोकला आहे ते नव्याने आजारी पडू शकत नाहीत, म्हणून छेदात उरलेले 800 घ्यायचे. छेदात सवयीने 1000 लिहिले, तर परीक्षेत इथे गुण जातात. वर्षभरात 40 नवे रुग्ण सापडले, तर इन्सिडन्स 5 टक्के. मागाच्या खोलीत धूळ खेचणारे पंखे बसवले आणि त्यांचा उपयोग झाला का हे बघायचं, तर हाच आकडा हवा.

आता तुलनेला धुळीत काम न करणारे 1000 कामगार घेऊ. त्यांच्यात 100 जणांना आधीच खोकला होता, उरलेल्या 900 पैकी 18 जणांना वर्षभरात नव्याने झाला. प्रिव्हॅलन्स 10 टक्के, इन्सिडन्स 2 टक्के. रिलेटिव्ह रिस्क म्हणजे 5 भागिले 2, अर्थात 2.5. प्रिव्हॅलन्सचं गुणोत्तर काढलं तर मात्र 20 भागिले 10, म्हणजे 2 येतं.

हा फरक का पडला? प्रिव्हॅलन्स दोन गोष्टींवर चालतो: नवे रुग्ण किती येतात आणि आलेले किती काळ मोजणीत राहतात. छाती भरून येणारा विणकर माग सोडतो, गावी जातो किंवा दुसरं काम धरतो. सर्व्हेच्या दिवशी तो कारखान्यात नसतोच. मागावर उरतात ते तुलनेनं धडधाकट, त्यामुळे धुळीचा धोका आहे त्याहून कमी दिसतो. वर्षभराच्या अभ्यासातही हीच गळती होते. म्हणून माग सोडलेल्यांच्या घरी जाऊन विचारणं मला अत्यावश्यक वाटतं, मग त्यासाठी नमुना लहान करावा लागला तरी चालेल.

2.5 आकडा आला म्हणून सगळा दोष धुळीवर टाकता येत नाही. एका गटात विडी ओढणारे जास्त असतील तर दोन्ही गटांतले विडी ओढणारे आणि न ओढणारे वेगवेगळे मोजून पाहा.

हातात तीनच महिने असतील तर प्रिव्हॅलन्स घ्या. दोन गटांची तुलना जरूर करा, पण अहवालात त्या आकड्याला ‘प्रिव्हॅलन्स रेशो’ म्हणा, रिलेटिव्ह रिस्क नव्हे.